ग्रुपमध्ये नावाऐवजी नुसता नंबर: खानापूर तालुक्यातल्या एका महिला संघाचं प्रकरण

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या बाजूच्या एका गावात १८ बायकांचा महिला संघ आहे. महाराष्ट्रात याला बचत गट म्हणतात. इकडे कन्नडच्या सवयीने ‘संघ’ हाच शब्द तोंडात बसलाय, म्हणून इथेही तोच ठेवलाय. दर आठवड्याला प्रत्येकीने १०० रुपये भरायचे. जिला बैठकीला यायला जमत नाही ती मोबाइलवरून पैसे पाठवते आणि संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पाठवले’ एवढं लिहिते किंवा भरल्याचा स्क्रीनशॉट टाकते. खजिनदारबाई तो बघतात आणि वहीत त्या बाईच्या नावापुढे आकडा लिहितात. या पद्धतीत ग्रुपवर दिसणारं नाव आणि वहीतलं नाव जुळणं एवढीच एक गोष्ट महत्त्वाची आहे.

खजिनदारबाईंनी नवा अँड्रॉइड फोन घेतला. सिम तेच, नंबर तोच. मुलाने जुन्या फोनवरचं गूगल खातं नव्यात टाकलं, व्हॉट्सॲप चढवलं, ओटीपी घातला आणि बॅकअपमधून जुने मेसेजही आले. त्या संध्याकाळी ग्रुप उघडला तर १७ पैकी एकीचंही नाव नाही. सगळीकडे `+91` ने सुरू होणारे नंबर, आणि बऱ्याच नंबरांशेजारी नागमोडी रेघेनंतर काहीतरी शब्द. “कुणाचंच नाव न्हाई येऊलंय, नुस्ते नंबर येऊलेत,” ही त्यांची तक्रार. त्या आठवड्यात चौघींनी ‘पाठवले’ असं लिहिलं होतं. त्या चौघी कोण, हे वहीला सांगता येईना.

घरातल्यांची पहिली समजूत अशी की व्हॉट्सॲप बिघडलंय, काढून परत टाकावं. ते केलं नाही हे बरं झालं. काढून टाकल्याने हा दोष जात नाही, आणि बॅकअप ताजा नसेल तर मधल्या दिवसांचे मेसेज मात्र जातात.

नाव राहतं कुठे

व्हॉट्सॲपच्या दृष्टीने माणूस म्हणजे त्याचा नंबर. ग्रुपमध्ये कोण आहे, कुणी काय लिहिलं, हे सगळं नंबरावर बांधलेलं असतं. आपल्याला पडद्यावर ‘शांताक्का’ किंवा ‘वरच्या गल्लीतल्या काकू’ असं जे दिसतं ते ग्रुपमधून आलेलं नसतं. ते आपल्याच फोनच्या संपर्कवहीतून, म्हणजे कॉन्टॅक्ट्समधून, आलेलं असतं. व्हॉट्सॲप आपली संपर्कवही वाचतं, तिच्यातले नंबर आपल्या सर्व्हरवरच्या खात्यांशी जुळवतं आणि जो जुळेल त्याच्या जागी आपण लिहिलेलं नाव दाखवतं. जुळला नाही तर नंबर तसाच दाखवतं. एकाच बाईचं नाव अध्यक्षांच्या फोनवर एक, खजिनदारांच्या फोनवर दुसरं आणि तिसरीच्या फोनवर नुसता नंबर, असं असू शकतं. तिन्ही फोन आपापल्या जागी बरोबरच असतात.

मेसेजचा बॅकअप आला पण नावं आली नाहीत, याचं कोडंही इथेच सुटतं. बॅकअपमध्ये बोलणं असतं, फोटो असतात. फोनची संपर्कवही त्यात नसते, ती वेगळ्या वाटेने यावी लागते. आणि ती आली तरी व्हॉट्सॲपला ती वाचायची परवानगी असावी लागते.

नागमोडी रेघ (`~`) हा या सगळ्यातला महत्त्वाचा इशारा आहे. `~Sunita` असं दिसलं तर ते नाव तुमच्या संपर्कवहीतलं नाही. त्या नंबरवाल्याने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जे लिहिलंय ते व्हॉट्सॲप मदत म्हणून दाखवतंय. प्रोफाइलचं नाव २५ अक्षरांपर्यंत काहीही ठेवता येतं. या संघातल्या एकीने नुसतं टिंब ठेवलं होतं, एकीने देवाचं नाव, एकीच्या प्रोफाइलवर नवऱ्याचं नाव होतं. म्हणून पैशाच्या नोंदीसाठी `~` वालं नाव कधीच धरू नये. उद्या कुणी परक्या नंबरवरून खजिनदारबाईंचं नाव प्रोफाइलला लावून ‘या आठवड्यापासून पैसे या नंबरवर पाठवा’ असं लिहिलं, तर ओळखायची खूण तीच: जिने खजिनदारबाईंचा नंबर जपून ठेवलाय तिला त्या मेसेजवर रेघ दिसेल, कारण तो नंबर तिच्या संपर्कवहीत नाही.

आधी तपास, मग इलाज

इलाज करण्याआधी एक सोपी परीक्षा आहे. ग्रुपमधला एक नावाविना नंबर उघडून बघायचा आणि फोन लावायच्या ॲपमध्ये, जिथे आकडे दाबतो तिथे, तो टाकायचा. कॉल करायचा नाही, फक्त टाकायचा. वर नाव उमटलं तर नाव फोनमध्ये आहे, व्हॉट्सॲपपर्यंत ते पोहोचत नाही. नाव उमटलंच नाही तर फोनमध्येच ते नाही, आणि व्हॉट्सॲपमध्ये कितीही बटणं दाबली तरी येणार नाही.

खजिनदारबाईंच्या फोनवर पाच नंबर असे तपासले. तिघींची नावं उमटली, दोघींची नाही. म्हणजे दोष एक नसून निदान दोन आहेत, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. बहुतेक घरांत इथेच घोळ होतो. एक इलाज केला, निम्मी नावं आली, उरलेली आली नाहीत, म्हणून तोच इलाज पुन्हा पुन्हा केला जातो.

परवानगी: १७ पैकी ८ नावं

व्हॉट्सॲप पहिल्यांदा उघडताना संपर्क वाचायची परवानगी मागतं. फोन बसवताना एकामागोमाग एवढे प्रश्न येतात की कुठेतरी ‘नको’ दाबलं जातं. मुलानेही तेच केलं असावं, कारण परवानगी बंद होती. ती चालू करायची वाट अशी:

```
Settings → Apps → WhatsApp → Permissions → Contacts → Allow
```

फोनची भाषा कन्नड किंवा मराठी असेल तर शब्द बदलतील, क्रम साधारण हाच राहील. आणखी जवळची वाट म्हणजे व्हॉट्सॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं आणि ‘i’ चं चिन्ह किंवा `App info` आलं की त्यात शिरायचं. आयफोनवर हेच `Settings` मधल्या `Privacy & Security` आणि मग `Contacts` मध्ये सापडतं. तिथे एक नवा खड्डा आहे. २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून एखाद्या ॲपला सगळे संपर्क न देता निवडक संपर्कच देता येतात. कुणी तसं निवडलं असेल तर निवडलेली नावं दिसतात, बाकीचे नंबर राहतात, आणि परवानगी तर ‘दिलेली’ दिसते.

परवानगी दिल्यावर व्हॉट्सॲपला पुन्हा वही वाचायला सांगावं लागतं. नवा चॅट सुरू करायच्या चिन्हावर दाबायचं, संपर्कांची यादी येते, वरच्या तीन टिंबांत `Refresh` असतं, ते दाबायचं. नेट चालू असावं लागतं, कारण नंबर जुळवण्याचं काम सर्व्हरवर होतं. जंगलाकडच्या त्या गावात एका कोपऱ्यात नेट येतं, दुसऱ्या कोपऱ्यात येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा दाबलं तेव्हा काहीच झालं नाही. अंगणात येऊन दाबलं आणि ग्रुप बंद करून परत उघडला, तेव्हा ८ नावं आली.

ही ८ कोणती, हे पाहणं उपयोगी होतं. सगळी अलीकडच्या दोन-तीन वर्षांत जपलेली होती. जुन्या, संघ स्थापन झाल्यापासूनच्या बायका मात्र नंबर म्हणूनच राहिल्या. त्यावरून पुढचा माग लागला.

तीन ठिकाणी विखुरलेली वही: आणखी ६

अँड्रॉइड फोनवर एखादा नंबर जपताना तो तीन ठिकाणी जाऊ शकतो: गूगल खात्यात, फोनच्या स्वतःच्या साठ्यात किंवा सिममध्ये. फोन वापरताना ही तिन्ही एकाच यादीत मिसळलेली दिसतात, त्यामुळे फरक कळत नाही. फोन बदलला की कळतो. गूगल खात्यातली नावं नव्या फोनवर आपोआप उतरतात. फोनच्या साठ्यातली जुन्या फोनमध्येच राहतात. सिममधली सिमबरोबर येतात, पण नव्या फोनने ती आयात केली नाहीत तर व्हॉट्सॲपला दिसतीलच याचा भरवसा नाही.

खजिनदारबाईंच्या जुन्या फोनने आधी कधीतरी विचारलं होतं, ‘कुठे जपू?’ आणि त्यांनी ‘फोन’ असं निवडलं होतं. शब्दाचा साधा अर्थ घेतला तर ते बरोबरच वाटतं. पुढे कधीतरी मुलाने ती निवड बदलली आणि त्यानंतरची नावं गूगलमध्ये जाऊ लागली. म्हणूनच नवी ८ आली आणि जुनी राहिली.

जुना फोन सुदैवाने अजून चालू होत होता. काचेला तडा होता, पण बोट चालत होतं. त्याला वायफाय देऊन त्यातली फोनच्या साठ्यातली नावं गूगल खात्यात ढकलली. ही सोय बहुतेक अँड्रॉइड फोनवर `Settings` मधल्या `Google` विभागात `Google Contacts sync` या नावाखाली असते, आणि आत `Also sync device contacts` अशी ओळ असते. कंपनीप्रमाणे तिची जागा हलते. सापडली नाही तर सेटिंगच्या शोधचौकटीत `contacts sync` टाकावं. तेही जमलं नाही तर संपर्क ॲपमधून सगळी नावं `.vcf` फाइल म्हणून काढायची, ती फाइल ब्लूटूथने किंवा स्वतःलाच ईमेलवर पाठवून नव्या फोनवर उघडायची आणि विचारेल तेव्हा गूगल खातं निवडायचं. निकाल तोच.

इथे एक गोष्ट तपासून मगच पुढे जायचं: दोन्ही फोनवर गूगल खातं खरंच एक आहे का? बाजारात फोन घेताना दुकानातला पोरगा घाईत नवं खातं काढून देतो, पासवर्ड कुठेतरी चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी हरवते. बेळगावात फोन घ्या की निपाणीत, हे सगळीकडे चालतं. तसं झालं असेल तर जुन्या खात्यातली सगळी नावं तिकडेच राहतात आणि परवानगी देऊनही एकही नाव येत नाही. संपर्क ॲपच्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबलं की कोणतं खातं चालू आहे ते दिसतं. दोन्ही फोन शेजारी ठेवून ते अक्षर न् अक्षर ताडावं. या प्रकरणात खातं एकच होतं.

जुन्या फोनवरून नावं गूगलमध्ये गेली तरी नव्यावर लगेच उतरली नाहीत. नव्या फोनवर बॅटरी वाचवायची सोय चालू होती आणि त्या अवस्थेत मागच्या मागे चालणारं सिंक मंदावतं किंवा थांबतं. सेटिंगमधल्या खात्यांच्या विभागात गूगल खातं उघडून `Account sync` बघितलं तर ‘Contacts’ पुढे शेवटचं सिंक कधी झालं ती वेळ असते. ती वेळ काल दुपारची होती. बॅटरीची सोय बंद केली, तीन टिंबांतलं `Sync now` दाबलं, वेळ आजची झाली. मग व्हॉट्सॲपमध्ये पुन्हा `Refresh`. पाच नावं आली.

हे क्रमाने सांगायचं कारण, दोन सिंक आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं गूगल खातं आणि फोनची संपर्कवही यांच्यातलं. दुसरं फोनची संपर्कवही आणि व्हॉट्सॲप यांच्यातलं. पहिलं अडलं असेल तर दुसरं कितीही वेळा ताजं केलं तरी तीच जुनी वही पुन्हा वाचली जाते. म्हणून आधी पहिलं, मग दुसरं.

सहावं नाव सिममध्ये होतं. संपर्क ॲपमध्ये सिममधून आयात करायची सोय असते, तिथून ते गूगल खात्यात घेतलं. सिममध्ये जागा थोडी असते, बहुतेक सिमवर २५० च्या आसपास नावं मावतात आणि नावाची लांबीही तोकडी. त्यामुळे ‘पार्वती दुकानाजवळ’ असं जपलेलं नाव अर्ध्यात तुटून आलं होतं. ते हाताने पुरं केलं.

मधेच एक विचित्र गोष्ट दिसली. एका बाईचं नाव शोधून सापडेना, म्हणून खजिनदारबाईंनी ती नव्याने जपली, आणि आता ती यादीत दोनदा दिसू लागली. पहिलं नाव कन्नड लिपीत होतं. मुलगा कन्नड माध्यमात शिकला, त्याने आईच्या फोनवर काही नावं कन्नडमध्ये जपली होती. देवनागरीत शोधलं की ती सापडत नाहीत. नावांची लिपी कोणतीही असो, व्हॉट्सॲपचं काम चालतं, कारण ते नंबर जुळवतं. पण एकाच नंबरावर दोन नावं असली तर ग्रुपमध्ये कोणतं दिसेल हे आपल्या हातात राहत नाही. संपर्क ॲपमधली नावं एकत्र करायची सोय वापरून दोन्हींचं एक केलं.

आता १४ नावं आली होती. उरलेल्या तिघी सिंकने येणार नव्हत्या, कारण त्यांचा दोष वहीच्या आतच होता.

उरलेल्या तिघी

पहिलीचा नंबर फोन लावायच्या ॲपमध्ये टाकला की नाव उमटत होतं, ती फोन करायची तेव्हाही नाव यायचं. व्हॉट्सॲपवर मात्र नंबरच. वरच्या परीक्षेप्रमाणे पाहिलं तर दोष व्हॉट्सॲपचा वाटावा. संपर्क उघडून आकडे मोजले तेव्हा उलगडा झाला. नंबर `+910` ने सुरू होत होता आणि त्यापुढे दहा आकडे.

या शून्याला सीमाभागात जुना इतिहास आहे. बेळगाव जिल्हा दूरसंचारच्या कर्नाटक मंडळात येतो. पलीकडचं चंदगड महाराष्ट्राच्या मंडळात, आणि गोवाही त्याच मंडळात. पूर्वी दुसऱ्या मंडळातला मोबाइल लावायचा तर आधी शून्य लावायची सवय होती. वीस मैलांवरच्या मावशीला फोन करायचा तरी शून्य. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावायचा तर आधी शून्य लागतं. त्यामुळे इकडच्या वह्यांत, कागदाच्या आणि फोनच्याही, शून्याने सुरू होणारे नंबर भरपूर. नुसतं शून्य आणि दहा आकडे एवढंच असेल तर सहसा अडचण येत नाही, भारतातला नंबर म्हणून तो उलगडतो. पण कुणीतरी हौसेने त्याच्याही पुढे `+91` जोडलं की भारताच्या क्रमांकानंतर दहाऐवजी अकरा आकडे होतात. तसा नंबर जगात कुणाचाच नसतो. फोन ॲप बरेचदा शेवटचे आकडे जुळले की नाव दाखवून मोकळं होतं. व्हॉट्सॲपला पूर्ण नंबर तंतोतंत लागतो. शून्य खोडलं, जपलं, ताजं केलं, नाव आलं.

याच्याच पोटातली एक गोष्ट इथे सांगून टाकतो. देशाचा क्रमांक न लिहिता नुसते दहा आकडे जपले असतील तर व्हॉट्सॲप ते तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप नंबराच्या देशातले धरतं. राज्याच्या सीमेचा इथे काही संबंध नाही, कर्नाटक काय आणि महाराष्ट्र काय, दोन्हीकडे `+91`. म्हणून गावात बसलेल्यांना दहा आकडे पुरतात. पण गावचा एखादा मुलगा दुबईला जाऊन तिथल्या `+971` नंबरावर व्हॉट्सॲप चालवायला लागला की त्याच्या वहीतले गावाकडचे दहा आकडी नंबर तिकडचे समजले जातात, आणि गावच्या ग्रुपमधली निम्मी माणसं त्याला नंबर म्हणून दिसतात. `+91` लावून जपलेले मात्र बरोबर दिसतात. नवं नाव जपताना `+91` आणि दहा आकडे, मधे शून्य नाही, हीच एक पद्धत ठेवली तर नंबर कुठेही गेला तरी जुळतो.

दुसरीचं प्रकरण खास सीमेवरचं. तिचं माहेर चंदगडकडचं. बोलायला ती कर्नाटकातलं सिम वापरते, आणि तोच नंबर सगळ्यांकडे जपलेला. पण फोन माहेरी असताना घेतला, त्यात माहेरचं सिम होतं आणि व्हॉट्सॲप त्या नंबरावर सुरू झालं. एका फोनमध्ये दोन सिम, बोलणं एकावर, व्हॉट्सॲप दुसऱ्यावर. ग्रुपमध्ये जो नंबर दिसत होता तो कुणाच्याच वहीत नव्हता, मग नाव येणार कुठून? इथे नवा संपर्क करायचा नाही. तिच्या आधीच्याच संपर्कात दुसरा नंबर म्हणून तो जोडायचा. नाहीतर यादीत एकाच बाईची दोन नावं होतात आणि फोन करताना नको तो नंबर लागतो. तिला व्हॉट्सॲप कर्नाटकातल्या सिमवर आणायचं असतं तर व्हॉट्सॲपमध्येच नंबर बदलायची सोय आहे. ग्रुप टिकतात आणि ग्रुपमध्ये नंबर बदलल्याची सूचनाही जाते. पण त्या सूचनेने दुसऱ्यांच्या वहीतला जुना नंबर आपोआप पुसला जात नाही, तो ज्याचा त्याने बदलायचा असतो. तिला तशी गरज वाटली नाही.

तिसरीपाशी `~` नंतर एका तरुण मुलाचं नाव होतं. हा नंबर फोनमध्ये नव्हता, जुन्या फोनमध्ये नव्हता, सिममध्येही नव्हता. अंदाज न करता, संघाच्या हिशोबाच्या वहीतल्या नावांपैकी कोणाचा मेळ लागला नाही ते आधी पाहिलं. सतराजणींपैकी सोळा ठरल्या होत्या, म्हणजे उरलेली कोण ते वहीनेच सांगितलं. तरी तिच्या घरी जाऊन विचारलं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन, त्यावर व्हॉट्सॲप नाही, म्हणून अध्यक्षांनी ग्रुपमध्ये तिच्या मुलाचा नंबर घातला होता. ‘पाठवले’ असं लिहायचा तो मुलगाच. त्याचा नंबर तिच्या संपर्कात दुसरा नंबर म्हणून जोडला आणि नावापुढे ‘मुलाचा फोन’ असं लिहिलं, म्हणजे उद्या त्या नंबरावरून काही आलं तर कोण बोलतंय हे लक्षात राहील.

अशा तऱ्हेने १७ नावं पूर्ण झाली: परवानगीने ८, फोनच्या साठ्यातून ५, सिममधून १, आणि आकडे व संपर्क हाताने दुरुस्त करून ३. त्या आठवड्यातल्या चार ‘पाठवले’ पैकी तीन सिंकनंतर लगेच ओळखू आल्या, चौथा या मुलाचा होता.

दुसऱ्यांच्या फोनवर

दोन दिवसांनी अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘तुमच्याकडे ती चंदगडवाली नावानं दिसत्ये, माझ्याकडं अजून नंबरच, ग्रुपमधलं तुम्ही नीट केलंत न्हवं?’ खजिनदारबाईंनी ग्रुपमध्ये काहीच केलं नव्हतं, आपल्या फोनमध्ये केलं होतं. प्रत्येकीने आपापल्या वहीत तो नंबर जोडावा लागतो, ग्रुपचा ॲडमिनही दुसऱ्याच्या फोनवर नाव उमटवू शकत नाही.

पण प्रत्येकीने आकडे टंकत बसायची गरज नाही. खजिनदारबाईंनी क्लिपच्या चिन्हावर दाबून `Contact` निवडलं आणि त्या बाईचं संपर्कपत्र ग्रुपवर टाकलं. ज्यांना हवं त्यांनी त्यावर दाबून जपलं. पत्र टाकण्याआधी तिला विचारलं, कारण माहेरचा नंबर सगळ्यांना देणं तिला चालेलच असं नव्हतं. जपताना फोनवर विचारतं की कुठल्या खात्यात, तेव्हा गूगल निवडायचं. नाहीतर पुढचा फोन घेताना हीच गोष्ट पहिल्यापासून.

आताच्या व्हॉट्सॲपमध्ये संपर्क जपताना तो फोनच्या वहीत पाठवायचा की फक्त व्हॉट्सॲपमध्ये ठेवायचा, असा एक खटकाही दिसतो. २०२४ च्या अखेरीपासून व्हॉट्सॲपने संपर्क स्वतःकडे जपायची ही सोय आणली. हा खटका बंद ठेवला तर ग्रुपमध्ये नाव दिसतं, व्हॉट्सॲप परत चढवल्यावर ते येतंही, पण त्या बाईचा साधा फोन आला की पुन्हा नुसता नंबर. अध्यक्षबाईंच्या फोनवर नेमकं तेच झालं होतं. त्यांनी संपर्कपत्र जपलं तेव्हा खटका बंद होता. संपर्क उघडून खटका चालू केला, आणि त्या संध्याकाळी चंदगडवालीने फोन लावला तेव्हा नाव आलं.